लेगपासून थ्रोट, थ्रोटपासून लांबी

फिलेट वेल्ड म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना कोन करून भेटतात त्या कोपऱ्यात भरलेला त्रिकोणी छेदाचा धातू. एक प्लेट दुसरीवर उभी केली किंवा एकीवर दुसरी अर्धवट चढवून ठेवली, की असा कोपरा आपोआप तयार होतो. प्लेटची कड तासावी लागत नाही, खाच करावी लागत नाही. म्हणूनच कारखान्याच्या शेडपासून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपर्यंत सर्वत्र हाच वेल्ड दिसतो. ड्रॉइंगवर त्याच्यासाठी एक छोटा त्रिकोण आणि शेजारी एखादा आकडा असतो, समजा ६. हा आकडा कशाचा, त्यातून वेल्डची ताकद कशी निघते आणि दिलेला भार पेलायला असा वेल्ड किती लांब हवा, या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच साखळीत गुंफलेली आहेत. पहिली कडी चुकली तर पुढचे गणित कितीही काटेकोर केले तरी उत्तर चुकते.

वेल्डचा आडवा छेद घेतला तर आदर्श आकार समद्विभुज काटकोन त्रिकोणाचा दिसतो. काटकोन जिथे आहे तो बिंदू म्हणजे मूळ, कारागिरांच्या भाषेत रूट. तिथून दोन्ही प्लेटांवर पसरलेल्या दोन समान बाजू म्हणजे लेग. लेग जिथे संपतात त्या दोन टोकांना जोडणारी तिरकी बाजू म्हणजे वेल्डचा बाहेरून दिसणारा चेहरा. मुळापासून या चेहऱ्यावर टाकलेला लंब म्हणजे थ्रोट. लेग बाहेरून मोजता येतो. थ्रोट धातूच्या पोटात असतो. भार मात्र थ्रोटच पेलतो. भारामुळे वेल्ड तुटायचा झाला तर सर्वांत कमी धातू असलेल्या प्रतलावर तुटेल, आणि मुळातून जाणाऱ्या सगळ्या प्रतलांत सर्वांत अरुंद प्रतल हे लेगशी ४५ अंशांचा कोन करणारे, म्हणजे थ्रोटचे. लेगच्या बाजूने पाहिले तर ६ मिलिमीटर धातू आहे. थ्रोटच्या दिशेने पाहिले तर तोच धातू सव्वाचार मिलिमीटरच्या आत संपतो.

हे गुणोत्तर शाळेतल्या भूमितीतून येते. समद्विभुज काटकोन त्रिकोणात काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर टाकलेला लंब हा बाजूच्या ०.७०७ पट असतो. भारतीय पोलादी बांधकामाची संहिता आयएस ८००, जिची सध्याची आवृत्ती २००७ ची आहे, हिशेबासाठी ०.७० हा सोपा गुणक धरते. त्यामुळे ६ मिमी लेगच्या वेल्डचा परिणामकारक थ्रोट ४.२ मिमी, ५ मिमीचा ३.५ आणि ८ मिमीचा ५.६.

गणिताला हात घालण्याआधी ड्रॉइंगवरचा आकडा लेगचाच आहे याची खात्री करावी लागते, कारण सर्वांत महागडी चूक इथेच होते. वेल्डच्या खुणेत एक आडवी संदर्भरेषा असते, तिच्यापासून निघालेला बाण जोडाकडे जातो आणि रेषेवर त्रिकोण बसवलेला असतो. त्रिकोणाच्या डावीकडे वेल्डचे माप आणि उजवीकडे लांबी लिहितात. उजवीकडे काहीच लिहिलेले नसेल तर वेल्ड जोडाच्या पूर्ण लांबीवर करायचा असा अर्थ होतो. अमेरिकन पद्धतीच्या ड्रॉइंगमध्ये डावीकडचा आकडा लेगचा असतो, आणि भारतातल्या बांधकाम ड्रॉइंगमध्येही ‘६ मिमी फिलेट’ म्हणजे ६ मिमी लेग असाच अर्थ घेतला जातो. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २५५३ मात्र आकड्याआधी अक्षर लावायला सांगते: z6 म्हणजे लेग ६, आणि a6 म्हणजे थ्रोट ६. जर्मनीत थ्रोटचे माप देण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे तिथून आलेल्या यंत्रसामग्रीच्या ड्रॉइंगवर a हे अक्षर वारंवार भेटते.

a6 वाचून कोणी ६ मिमी लेगचा वेल्ड केला तर हवा असलेला थ्रोट ६ आणि मिळालेला ४.२. तीस टक्के ताकद कागदावरच गेली, आणि तयार वेल्ड मात्र स्वच्छ, सारखा, देखणा दिसेल. डोळ्यांना काही चुकल्याचे जाणवणार नाही. उलट z6 ला a6 समजले तर लेग जवळजवळ साडेआठ मिमी होईल. यात ताकद वाढते, पण छेदाचे क्षेत्रफळ १८ चौरस मिमीवरून ३६ वर जाते. धातू दुप्पट आणि उष्णताही त्याच मानाने जास्त, त्यामुळे पातळ प्लेट वाकडी होण्याची भीती. अक्षर दिसत नसेल आणि ड्रॉइंगच्या टिपेतही खुलासा नसेल, तर ड्रॉइंग कोणत्या मानकाप्रमाणे काढले हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

लेगचा आकडा हाती आला, तरी त्यातून ०.७० ने थ्रोट काढण्यासाठी काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. पहिली अट लेग समान असण्याची. वेल्डरचा हात खाली झुकला की धातू आडव्या प्लेटवर जास्त पसरतो आणि उभ्या प्लेटवर कमी चढतो. समजा एक लेग १० मिमी आणि दुसरा ६ झाला. शुद्ध भूमितीने या विषम त्रिकोणाचा थ्रोट ५.१ मिमीच्या आसपास येतो. संहिता मात्र लहान लेगच माप म्हणून धरते, म्हणजे थ्रोट ४.२ च. हा नियम सुरक्षेच्या बाजूचा आहे आणि तो तसाच पाळणे बरे, कारण एका बाजूला पसरलेला धातू मुळापर्यंत नीट वितळला आहे याची खात्री बाहेरून कधीच देता येत नाही.

दुसरी अट चेहरा सपाट असण्याची. चेहरा बाहेर फुगला असेल तर फुगवट्यातला धातू हिशेबात घेत नाहीत. आतला सरळ त्रिकोणच खरा. चेहरा आत दबला असेल तर मात्र नुकसान खरेखुरे असते. दोन्ही लेग ६ मिमी भरतात, पण मुळापासून चेहऱ्यापर्यंतचे अंतर ४.२ ऐवजी साडेतीन असू शकते. अशा वेल्डचे माप लेगवरून ठरवायचे नसते. त्याच्या आत बसणारा सर्वांत मोठा त्रिकोण कल्पून त्याचा लेग मोजायचा. साडेतीन थ्रोटला ०.७ ने भागले की ५ येतात. म्हणजे ६ मिमी लेगचा दिसणारा हा वेल्ड प्रत्यक्षात ५ मिमीचा आहे.

तिसरी गोष्ट कोनाची. प्रत्येक जोड काटकोनात नसतो. तिरक्या आधाराच्या किंवा उतरत्या कुंडाच्या कामात प्लेटा ६० अंशांनी भेटतात, कधी ११० अंशांनी. कोन जसजसा उघडतो तसतसा तोच लेग असूनही त्रिकोण चपटा होत जातो आणि थ्रोट घटतो. भूमितीने गुणक म्हणजे निम्म्या कोनाचा कोसाइन. १२० अंशांच्या कोनाला ६० चा कोसाइन, म्हणजे बरोबर ०.५०. आयएस ८०० च्या तक्त्यातही हेच दिसते: ६० ते ९० अंशांसाठी ०.७०, ९१ ते १०० साठी ०.६५, १०१ ते १०६ साठी ०.६०, १०७ ते ११३ साठी ०.५५ आणि ११४ ते १२० साठी ०.५०. काटकोनापेक्षा अरुंद कोनात भूमितीने गुणक वाढायला हवा. ६० अंशांना तो ०.८७ पर्यंत जातो. तक्ता तरीही ०.७० वरच थांबतो, कारण अरुंद कोपऱ्यात रॉड मुळापर्यंत पोहोचवणे अवघड असते आणि भूमितीने वाढलेला थ्रोट प्रत्यक्षात भरला जाईलच असे नाही.

चौथी गोष्ट फटीची, आणि कारखान्यात ती सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. लेगचे माप दोन्ही भाग एकमेकांना टेकलेले आहेत असे गृहीत धरून दिलेले असते. प्लेट वाकडी असेल किंवा टॅक मारताना नीट दाबली गेली नसेल तर मध्ये फट राहते. खालच्या प्लेटवर ठेवलेला भाग २ मिमी उचललेला आहे आणि वेल्डचा उभा लेग खालच्या प्लेटपासून ६ मिमी मोजला, असे समजा. त्यातले पहिले २ मिमी फटीसमोर गेले. वरच्या भागाला प्रत्यक्ष चिकटलेला लेग ४ मिमी, आणि उपयोगी थ्रोट ४.२ वरून २.८ वर आला. उपाय सरळ आहे: जेवढी फट तेवढा लेग वाढवायचा, इथे ६ चा ८ करायचा. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीची डी१.१ ही संहिता साधारण २ मिमीच्या वरच्या फटीसाठी हाच नियम सांगते आणि ५ मिमीपलीकडची फट सहसा स्वीकारत नाही. वेल्ड झाल्यावर फट झाकली जाते, म्हणून ती वेल्डआधीच पाहावी लागते.

थ्रोट मिळाल्यावर ताकद काढणे सोपे आहे. थ्रोटला वेल्डच्या लांबीने गुणले की भार पेलणारे क्षेत्रफळ मिळते आणि त्याला धातूच्या अनुज्ञेय ताणाने गुणायचे. आयएस ८०० च्या साध्या रीतीत भार वेल्डच्या लांबीच्या दिशेने असो की आडवा, तो थ्रोटवर कातरण्याच्या रूपात येतो असेच धरतात. आडव्या भाराला फिलेट वेल्ड प्रत्यक्षात काहीसा जास्त टिकतो, पण ती जादा ताकद या रीतीत सोडून दिली जाते.

ताणाचा आकडा असा येतो. मूळ पोलाद आणि वेल्डचा धातू यांपैकी ज्याची तुटण्याची मर्यादा कमी, ती घ्यायची. साध्या ई२५० दर्जाच्या पोलादासाठी ती चौरस मिमीमागे ४१० न्यूटन धरतात. नेहमीच्या रॉडचा धातू सहसा याहून मजबूत असतो, म्हणून ४१० हाच आकडा लागू होतो. ताणून तोडण्यापेक्षा कातरून तोडायला कमी बल लागते, म्हणून त्याला ३ च्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३२ ने भागतात. मग सुरक्षेचा भाजक येतो: कारखान्यात केलेल्या वेल्डला १.२५ आणि जागेवर केलेल्या वेल्डला १.५. कारखान्यातल्या वेल्डसाठी उत्तर चौरस मिमीमागे १८९ न्यूटनपेक्षा किंचित जास्त येते. त्याला ४.२ ने गुणले की ६ मिमी लेगचा वेल्ड लांबीच्या दर मिलिमीटरला ७९५ न्यूटन पेलतो असे ठरते. ५ मिमीसाठी हाच आकडा ६६३ आणि ८ मिमीसाठी १०६०. अनेक आरेखनकार हे तीन आकडे टेबलावर लिहून ठेवतात, कारण रोजच्या कामातल्या बहुतेक जोडांना यांपैकीच एक लागतो.

आता एक जोड शेवटपर्यंत सोडवून पाहता येईल. कारखान्याच्या छपराच्या कैचीत ७५ × ७५ × ८ मापाचा अँगल आहे आणि त्याचा एक पाय १० मिमी जाडीच्या गसेट प्लेटवर वेल्ड करायचा आहे. अँगलमध्ये २०० किलोन्यूटन ओढ येते; भाराचे वाढीव गुणक लावून आलेला हा आकडा आहे. अँगल स्वतः एवढी ओढ पेलतो हे आधी तपासलेले आहे. ड्रॉइंगवर अँगलच्या दोन्ही कडांना ६ मिमी फिलेट दाखवला आहे आणि लांबीची जागा रिकामी आहे. इथे रिकाम्या जागेचा अर्थ ‘पूर्ण लांबी’ असा घेऊन चालत नाही, कारण गसेट अजून कापलेले नाही आणि त्याचा आकार या लांबीवरच ठरणार आहे.

पहिली तपासणी ६ मिमी हे माप या जोडाला चालते का, याची. वेल्ड फार बारीक असला तर जाड प्लेट त्याची उष्णता झपाट्याने ओढून घेते, धातू घाईने थंड होतो आणि तडकण्याचा धोका वाढतो. म्हणून जाड भागाच्या जाडीनुसार किमान माप ठरवलेले आहे. १० मिमीपर्यंतच्या जाडीला ते ३ मिमी, आणि त्यापुढे २० मिमीपर्यंत ५ मिमी. गसेट १० मिमीचे, म्हणजे इथे अडचण नाही. वरची मर्यादा अँगलच्या कडेवरून येते. अँगलच्या पायाचे टोक रोलिंगमध्ये गोलसर झालेले असते, म्हणून तिथे वेल्डचे माप टोकाच्या जाडीच्या तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त नसावे: ८ चे तीन-चतुर्थांश, बरोबर ६. दुसरी कड म्हणजे अँगलची टाच, तिथे कोपरा चौकोनी असतो. चौकोनी कडेला माप जाडीपेक्षा निदान दीड मिमीने कमी ठेवतात, म्हणजे साडेसहापर्यंत. दोन्हीकडे ६ चालते. हा दीड मिमी सोडण्यामागे व्यवहारी कारण आहे. वेल्ड कडेपर्यंत भरला तर कडेचा कोपरा वितळून वाहतो, आणि मग मूळची कड कुठे होती हे कळायची सोय राहत नाही. मोजलेला लेग फसवा ठरतो.

माप ठरले की एकूण लांबी: २,००,००० न्यूटन भागिले ७९५, म्हणजे २५२ मिमीच्या आसपास. हा आकडा दोन कडांवर निम्मा निम्मा वाटून टाकण्याचा मोह सहज होतो, आणि अनेक छोट्या कारखान्यांत तसेच केले जाते. पण अँगलमधली ओढ पायाच्या मधून जात नाही. अँगलचा गुरुत्वमध्य टाचेपासून २१.४ मिमीवर आहे, तर दोन समान वेल्डांचा मध्य टाचेपासून ३७.५ मिमीवर येतो. २०० किलोन्यूटनचे बल वेल्डांच्या मध्यापासून १६.१ मिमी बाजूला लागले की जोड पिळू पाहतो, आणि हिशेबात न धरलेला जादा ताण टाचेकडच्या वेल्डवर येतो. म्हणून लांबी गुरुत्वमध्याच्या हिशेबाने वाटायची. टाचेकडच्या वेल्डचा वाटा म्हणजे गुरुत्वमध्यापासून विरुद्ध टोकापर्यंतचे अंतर भागिले पायाची रुंदी: ७५ वजा २१.४ म्हणजे ५३.६, त्याला ७५ ने भागून ०.७१५. उरलेले ०.२८५ टोकाकडे. त्यानुसार टाचेकडे १८० मिमी आणि टोकाकडे ७२ मिमी येतात. ओढ ज्या कडेजवळून जाते, तिथे जास्त वेल्ड.

इथे आणखी एक नियम आडवा येतो. भाग फक्त दोन समांतर बाजूंच्या वेल्डांनी धरला असेल, शेवटच्या कडेला आडवा वेल्ड नसेल, तर प्रत्येक बाजूच्या वेल्डची लांबी दोन वेल्डांमधल्या अंतराहून कमी असू नये. वेल्ड आखूड आणि एकमेकांपासून दूर असतील तर मधल्या धातूपर्यंत भार पोहोचायला पुरेशी लांबीच मिळत नाही. कडा ताणल्या जातात आणि मधला भाग स्वस्थ राहतो. या जोडात दोन वेल्डांमधले अंतर ७५ मिमी, म्हणून ७२ ची लांबी ७५ करावी लागते. टाचेकडे १८० आणि टोकाकडे ७५, मिळून २५५ मिमी. ताकद सुमारे २०३ किलोन्यूटन, म्हणजे २०० ला पुरेशी. टोकाकडे ३ मिमी वाढवल्याने वेल्डांचा मध्य टाचेपासून २२.१ मिमीवर सरकला. गुरुत्वमध्यापासूनचा फरक एका मिलिमीटरहून कमी, तो सोडून देता येतो. फार लांब जोडात दोन्ही टोकांच्या वेल्डवर जास्त भार येतो आणि ताकदीत कपात करावी लागते, पण ती लांबी थ्रोटच्या १५० पटीपुढे गेली तरच. ४.२ च्या १५० पट म्हणजे ६३० मिमी. इथे तो प्रश्न उद्भवत नाही.

१८० आणि ७५ या परिणामकारक लांब्या आहेत, प्रत्यक्ष भरायच्या नव्हेत. वेल्डची सुरुवात होते तिथे धातू अजून पुरता तापलेला नसतो, आणि शेवटी रॉड उचलला की छोटा खड्डा राहतो. दोन्ही टोकांना पूर्ण माप मिळत नाही. संहिता सांगते की परिणामकारक लांबी म्हणून तेवढीच लांबी धरावी जिथे ठरलेले माप आणि ठरलेला थ्रोट खरोखर भरला आहे. प्रत्यक्ष लांबी करताना तिच्यात मापाच्या दुप्पट, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक लेगएवढी भर घालावी. इथे ती १२ मिमी. टाचेकडे १९२ आणि टोकाकडे ८७ मिमी वेल्ड करायचा, आणि गसेटवर अँगलचा चढाव टाचेकडे निदान १९२ मिमी राहील असे गसेट कापायचे. आखूड वेल्डला ही भर जास्त महत्त्वाची असते: ७५ च्या लांबीतून १२ मिमी गेले तर सहावा हिस्सा गेला. वेल्ड भागाच्या टोकाशी संपत असेल तर तो कोपऱ्यावरून वळवून पुढे निदान दोन लेगएवढा नेतात, म्हणजे कमजोर टोक भाराच्या जागी येत नाही.

लांबी कोणती लिहिली आहे हे ड्रॉइंगवर स्पष्ट असावे लागते. परिणामकारक लांबी लिहून वेल्डरने भर घालायची, अशी पद्धत एका कारखान्यात असते. दुसऱ्यात भर धरूनच लांबी लिहितात. दोघांची सरमिसळ झाली की एक तर भर दोनदा पडते किंवा एकदाही पडत नाही, आणि दुसरे धोक्याचे. तुटक वेल्डांच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. अमेरिकन पद्धतीत 50-150 म्हणजे ५० मिमी लांबीचे वेल्ड, मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिमी अंतराने. आयएसओ पद्धतीत तेच काम कंसात 100 लिहून दाखवतात, कारण कंसातला आकडा दोन वेल्डांमधली मोकळी जागा सांगतो. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीने वाचला तर वेल्डांची संख्या बदलते, आणि तिच्याबरोबर एकूण लांबीही.

वेल्डच्या खुणेवर बाणाची रेषा आणि संदर्भरेषा मिळतात तिथे एक छोटा झेंडा काढलेला असू शकतो. त्याचा अर्थ, हा वेल्ड कारखान्यात नव्हे तर जागेवर, उभारणीच्या वेळी करायचा आहे. आकाराने लहान असला तरी तो लांबी बदलतो. वारा, ओलावा, वर हात करून काम करण्याची सक्ती, यांमुळे जागेवरच्या वेल्डचा भाजक १.२५ ऐवजी १.५ होतो. ६ मिमीच्या वेल्डची ताकद दर मिलिमीटरला ७९५ वरून ६६३ न्यूटनवर येते आणि २०० किलोन्यूटनसाठी २५२ ऐवजी ३०२ मिमी लागतात. वाटणी केली तर टाचेकडे २१६ आणि टोकाकडे ८६. तीच कैची, तोच अँगल, पण वीस टक्के जास्त वेल्ड. गसेट कारखान्यात आधीच कापून ठेवले असेल तर ही जादा लांबी बसवायला जागाच उरत नाही.

जागा कमी पडली की लेग वाढवण्याची सूचना पुढे येते. ती नेहमी चांगली नसते. ताकद लेगच्या प्रमाणात वाढते, पण भरायचा धातू लेगच्या वर्गाच्या प्रमाणात. ६ चा ८ केला तर ताकद एकतृतीयांशाने वाढते आणि धातू सुमारे पाऊणपटीने; त्यातच ६ मिमीचा वेल्ड हाताने बहुधा एका फेरीत भरतो, ८ ला अनेकदा एकाहून जास्त फेऱ्या लागतात. शिवाय आपल्या अँगलच्या टोकाला ६ च्या पुढे जायची परवानगीच नाही. म्हणून शक्य असेल तिथे लांबी वाढवणे हाच स्वस्त आणि निर्धोक मार्ग. ते जमत नसेल तर अँगलच्या शेवटच्या कडेला आडवा वेल्ड घालतात, आणि मग बाजूच्या लांब्या गुरुत्वमध्याच्या हिशेबाने नव्याने काढतात.

तयार झालेला जोड तपासताना हीच साखळी उलट दिशेने चालायची असते. फिलेट गेजने प्रथम दोन्ही लेग मोजायचे आणि लहान घ्यायचा. मग चेहरा दबलेला आहे का पाहायचे; असेल तर गेजच्या दुसऱ्या बाजूने थ्रोट मोजून ०.७ ने भागायचे, आणि जो आकडा लहान तोच वेल्डचा खरा आकार. त्यानंतर पट्टीने लांबी, दोन्ही टोकांची कमी भरलेली जागा वगळून. आपल्या जोडात लांब्या १८० आणि ७५ बरोबर भरल्या, पण चेहरा दबून थ्रोट साडेतीन निघाला, तर वेल्ड ५ मिमीचा ठरतो. २५५ गुणिले ६६३ म्हणजे १६९ किलोन्यूटन. लेग मोजून बरोबर वाटलेला हा जोड हव्या असलेल्या २०० पैकी ३१ किलोन्यूटन कमी पेलतो. अशा वेल्डवर आणखी एक फेरी चढवून चेहरा सपाट केला, की थ्रोट ४.२ वर येतो आणि लांबीला हात लावावा लागत नाही. लांबी कमी भरली असेल तर मात्र फेरी चढवून भागत नाही. आधीचे टोक घासून, खड्डा काढून टाकून तिथूनच वेल्ड पुढे न्यावा लागतो.